तारांबळ उडते, खोळंबा होतो: कॉर्पसमधून शब्दांच्या जोड्या काढताना म्युच्युअल इन्फर्मेशन की लॉग-लाइकलिहूड?

मुंबईत पाऊस लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय छापून येणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. पाणी साचतं, लोकल सेवा विस्कळीत होते, खोळंबा होतो आणि प्रवाशांची तारांबळ उडते. तारांबळ ‘होते’ असं त्या मानाने कमी लिहितात आणि खोळंबा तर ‘उडत’ नाहीच. मराठी नव्याने शिकणाऱ्याला कोशात बहुधा ‘तारांबळ म्हणजे गडबड’ एवढंच सापडतं. ती उडते, हे त्याला कोणीच सांगत नाही. असे ठरलेले जोडीदार, म्हणजे कोलोकेशन, मराठी बातम्यांच्या मोठ्या मजकूरसाठ्यातून, म्हणजे कॉर्पसमधून, काढून शिकणाऱ्यांसाठी यादी करायची, या कामात मी आहे. म्युच्युअल इन्फर्मेशन वापरायचं की लॉग-लाइकलिहूड, हा प्रश्न त्यात पहिल्याच आठवड्यात येतो. पुढे त्यांना एमआय आणि एलएल म्हणतो.

आमची पहिली यादी मी एमआयने लावली होती. छापील प्रत दादरला आमच्या ज्येष्ठ संपादक बाईंना नेऊन दिली. त्यांनी पेन्सिलीने पहिली दोन पानं सरळ खोडली. परदेशी खेळाडूंची नावं-आडनावं, औषधांची नावं आणि टायपिंगच्या चुका, याशिवाय त्यांत काहीच नव्हतं. “यात मराठी कुठे आहे?” एवढंच त्यांनी विचारलं. असं का झालं, हे समजलं की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

दोन मापं, दोन वेगळे प्रश्न

दोन्हींची सुरुवात एकाच हिशेबापासून होते. कॉर्पसमध्ये एकूण शब्द N आहेत, पहिला शब्द f1 वेळा आला आणि दुसरा f2 वेळा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसता, तर केवळ योगायोगाने ते शेजारी किती वेळा आले असते? उत्तर f1 गुणिले f2 भागिले N. ही झाली अपेक्षित संख्या, E. प्रत्यक्षात ते जितक्या वेळा शेजारी दिसले ती O.

एमआय म्हणजे O भागिले E, आणि त्याचा २ या पायाचा लॉग. जोडी अपेक्षेच्या ८ पट आली तर एमआय ३, हजार पट आली तर जवळजवळ १०. हे माप विचारतं, की ही जोडी किती घट्ट आहे. चर्च आणि हँक्स यांनी ते १९९० च्या लेखात शब्दकोशाच्या कामासाठी मांडलं, आणि आकडे फार लहान असले की ते डळमळतं हेही तिथेच सांगितलं. पाच किंवा त्याहून कमी वेळा आलेल्या जोड्या त्यांनी चर्चेतच घेतल्या नाहीत.

एलएल हे डनिंग यांनी १९९३ मध्ये याच कामासाठी सुचवलं. त्यात चार खाने भरायचे: दोन्ही शब्द एकत्र, फक्त पहिला, फक्त दुसरा आणि दोन्ही नाहीत. प्रत्येक खान्यात O गुणिले O/E चा नैसर्गिक लॉग काढायचा, चारही बेरजेला घ्यायचे आणि दुप्पट करायचे. हे माप विचारतं, की हा संबंध योगायोगाचा नाही याचा पुरावा किती आहे.

घट्टपणा आणि पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉर्पस जशाच्या तसा दुप्पट झाला असं धरा, म्हणजे सगळे आकडे दुप्पट. एमआय तसूभरही हलत नाही. एलएल बरोबर दुप्पट होतं.

आधी शब्द नीट तोडा

सूत्राकडे जाण्याआधी इथे थांबावंच लागतं, कारण मराठीत निम्मी गडबड इथेच होते. पायथनमधलं `\w+` देवनागरीच्या काना-मात्रांना अक्षर मानत नाही, म्हणून तिथे शब्द तुटतो. ‘मुंबई’चे ‘म’ आणि ‘बई’ होतात. ‘पाऊस’चे ‘प’ आणि ‘ऊस’ होतात, आणि मग बातम्यांत ऊस इतका का पडतो आहे हे कळत नाही. यादीत एकेका अक्षराचे शब्द दिसले की दोष मापाचा नसतो, तोडणीचा असतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशनने हा फरक मिटत नाही. तो हाताने मिटवावा लागतो:

```python
import re, unicodedata

def todni(text):
    text = unicodedata.normalize("NFC", text)
    text = text.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    text = text.replace("\u200D", "").replace("\u200C", "")
    return re.findall(r"[\u0900-\u0963\u0970-\u097F]+", text)
```

शेवटच्या ओळीत दंड आणि देवनागरी अंक वगळले आहेत. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ अशा लेखनभेदांसाठी वेगळी छोटी बदल-यादी ठेवावी लागते. ती काम करता करता वाढत जाते.

एकदा ठरवायचा आणि मग न बदलायचा निर्णय रूपांचा आहे. ‘उडाली, उडते, उडणार, उडाल्याने’ ही सगळी ‘उडणे’खाली गोळा करावीत, नाहीतर एकाच जोडीचे आकडे पाच ठिकाणी विखुरतात. नामांबाबत मात्र मी उलट करतो. ‘वाऱ्यावर’ला ‘वारा’ केलं, तर ‘वारा सुटला’ आणि ‘प्रवाशांना वाऱ्यावर सोडलं’ एकाच खात्यात जातात, आणि वाक्प्रचार हरवतो. ‘पाणी साचलं’ आणि ‘पैसे पाण्यात गेले’ यांचंही तेच. मराठीत वाक्प्रचार पुष्कळदा प्रत्ययासकट गोठलेला असतो. म्हणून क्रियापद मूळ रूपात आणि नाम प्रत्ययासकट, ही पहिली फेरी. प्रत्यय काढलेल्या नामांची दुसरी फेरी हवी तर वेगळी करावी, आणि दोन्हींचे आकडे एकत्र करू नयेत.

पाच जोड्यांचा हिशेब

आता आकडे. हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून ते मुद्दाम गोल घेतले आहेत, खऱ्या मोजणीतून आलेले नाहीत. कॉर्पस १ कोटी शब्दांचा धरू.

‘तारांबळ’ ४०० वेळा येतो, ‘उडणे’ची सगळी रूपं मिळून ५,०००, आणि दोन्ही शेजारी २०० वेळा. अपेक्षित संख्या ४०० × ५,००० ÷ १,००,००,००० = ०.२. दिसले २००, म्हणजे अपेक्षेच्या हजार पट. हे पुढच्या फंक्शनमध्ये घातलं की एमआय ९.९७ आणि एलएल सुमारे २,४९४ मिळतं.

```python
from math import log, log2

def maap(o, f1, f2, n):
    e = f1 * f2 / n
    O = [o, f1 - o, f2 - o, n - f1 - f2 + o]
    E = [e, f1*(n-f2)/n, (n-f1)*f2/n, (n-f1)*(n-f2)/n]
    ll = 2 * sum(a * log(a / b) for a, b in zip(O, E) if a > 0)
    return e, log2(o / e), ll

print(maap(200, 400, 5000, 10_000_000))
```

याच रीतीने आणखी चार जोड्या काढल्या. ‘पाऊस’ २०,००० वेळा, ‘पडणे’ ३०,००० वेळा. ‘खोळंबा’ ३०० वेळा, ‘होणे’ २,००,००० वेळा. ‘आहे’ १,५०,००० वेळा. शेवटची जोडी एका परदेशी पाहुण्याच्या नाव-आडनावाची आहे. दोन्ही शब्द कॉर्पसभरात दोनदाच आले, आणि दोन्ही वेळा एकत्र.

| जोडी | दिसली | अपेक्षित | एमआय | एलएल |
|---|---|---|---|---|
| पाऊस + पडणे | ३,००० | ६० | ५.६४ | १८,३४८ |
| तारांबळ + उडणे | २०० | ०.२ | ९.९७ | २,४९४ |
| खोळंबा + होणे | १५० | ६ | ४.६४ | ७६४ |
| पाऊस + आहे | ६०० | ३०० | १.०० | २३७ |
| पाहुण्याचं नाव + आडनाव | २ | ०.००००००४ | २२.२५ | ६६ |

एमआयच्या रांगेत पाहुणा पहिला येतो, २२.२५ घेऊन. त्याच्या खूप मागे तारांबळ. बाईंनी खोडलेली दोन पानं म्हणजे असे शेकडो पाहुणे. दोनच वेळा आलेल्या शब्दाची अपेक्षित संख्या इतकी सूक्ष्म असते, की एखादी गाठभेटही भागाकारात डोंगराएवढी होते.

एलएलच्या रांगेत पाहुणा तळाला जातो, हे ठीक. पण चौथी ओळ पाहा. ‘पाऊस’ आणि ‘आहे’ अपेक्षेच्या फक्त दुप्पट येतात, आणि त्यात भाषेचं म्हणावं असं काहीच नाही. ‘पाऊस आहे’ कोणीही म्हणेल. तरी एलएल २३७. शब्द भरपूर वापरात असले की जेमतेम ओढीचाही भक्कम पुरावा जमतो. नुसत्या एलएलने लावलेल्या यादीत म्हणूनच ‘आहे’, ‘होते’, ‘केले’, ‘आणि’ यांची गर्दी होते.

‘होणे’वाल्या जोड्यांवर अन्याय

एमआयची एक मर्यादा मराठीला विशेष जाचते. कोणत्याही जोडीच्या एमआयला छत असतं. ते जोडीतल्या जास्त वापराच्या शब्दावर ठरतं: N भागिले त्या शब्दाची संख्या, आणि त्याचा लॉग. आपल्या उदाहरणात ‘होणे’ २ लाख वेळा येतं, म्हणजे भागाकार ५० आणि छत ५.६४. ‘खोळंबा’ अगदी प्रत्येक वेळी ‘होणे’बरोबरच आला असता, तरी एमआय ५.६४ च्या वर गेलं नसतं.

मराठीचा मोठा संसार करणे, होणे, घेणे, देणे, मारणे, लागणे यांवर चालतो. दडी मारणे, गती देणे, सोय करणे, चाहूल लागणे. शिकणारा नेमका इथेच अडखळतो, आणि एमआयच्या रांगेत याच जोड्या हजारो नावा-आडनावांच्या खाली गाडल्या जातात. इंग्रजी उदाहरणांवर बेतलेला ‘एमआयने लावा आणि वरच्या शंभर घ्या’ हा सल्ला मराठीत जसाच्या तसा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग निवड कशी करायची

शिकणाऱ्यांसाठी किंवा कोशासाठी यादी हवी असेल, तर मी रांग एलएलने लावतो आणि एमआय चाळणी म्हणून वापरतो. आधी किमान संख्या: जोडी निदान ५ वेळा आणि निदान ३ वेगवेगळ्या बातम्यांत आलेली हवी. पाहुणा इथेच गळतो. मग एमआय ३ किंवा अधिक, म्हणजे अपेक्षेच्या निदान ८ पट. ‘पाऊस आहे’ इथे गळतं आणि ‘खोळंबा होणे’ ४.६४ वर टिकतं. जे उरेल ते एलएलच्या उतरत्या क्रमाने. आपल्या पाचांपैकी तीन उरतात: पाऊस पडणे, तारांबळ उडणे, खोळंबा होणे. तिन्ही कोशात हव्यातच.

एमआयच्या या चाळणीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. एलएलला दिशा नसते. ‘पाऊस आहे’ ३०० वेळा अपेक्षित असताना १०० वेळाच दिसलं असतं, तरी एलएल सुमारे १८३ आलं असतं. म्हणजे एकमेकांना टाळणारे शब्दही वरच्या रांगेत बसू शकतात. एमआय अशा वेळी ऋण असतं, त्यामुळे ते आपोआप बाहेर जातात. चाळणी लावायची नसेल, तर O हे E पेक्षा मोठं आहे का, एवढं तरी तपासावंच.

दुर्मीळ, गोठलेले वाक्प्रचार किंवा विषयाच्या परिभाषा शोधायच्या असतील तर एमआयने रांग लावणं योग्य आहे. पण मग किमान संख्या चढी ठेवावी. १ कोटी शब्दांत मी २० पासून सुरुवात करतो. त्या यादीत ‘तारांबळ’सारखे शब्द वर येतात, जे बहुतेक वेळा एकाच क्रियापदाशी संसार करतात.

सांख्यिकीच्या पुस्तकात एलएलसाठी ३.८४ किंवा १०.८३ अशा सीमारेषा दिलेल्या असतात. मोठ्या कॉर्पसमध्ये त्यांच्यावर विसंबू नका. १ कोटी शब्दांत दोन शब्द एकेकदाच आले, आणि योगायोगाने शेजारी आले, तरी त्या जोडीचं एलएल ३४ भरतं. एकदाच घडलेली गोष्ट १०.८३ ची रेषा आरामात ओलांडते, मग त्या रेषेने गाळणार काय? एलएलचा उपयोग एकाच कॉर्पसच्या आत क्रम लावण्यापुरता धरावा. दोन वेगळ्या आकारांच्या कॉर्पसमधले एलएल शेजारी ठेवून तुलना करू नये, कारण मोठ्या कॉर्पसचा आकडा केवळ आकारानेच फुगलेला असतो.

शेजार किती लांबचा

वर आपण लगतचेच शब्द मोजले. मराठीत मात्र ‘तारांबळ मात्र चांगलीच उडाली’ असंही लिहितात आणि ‘उडाली ना तारांबळ!’ असंही. म्हणून दोन्ही बाजूंचे चार-चार शब्द पाहावेत आणि वाक्य संपलं की थांबावं. असं केलं की अपेक्षित संख्याही वाढवायला हवी. आठ जागा पाहत असाल, तर E ला आठाने गुणा. हे विसरलं की प्रत्येक जोडीचं एमआय बरोबर ३ ने फुगतं, आणि ३ ची चाळणी काहीच गाळत नाही. पायथनची एनएलटीके लायब्ररी वापरत असाल, तर `window_size` दिल्यावर ते जोडीची संख्या `window_size` वजा १ ने स्वतःच भागून घेतं, तेव्हा पुन्हा गुणाकार करू नका. मात्र ते शब्दांचा क्रम पाळतं: ‘तारांबळ–उडणे’ आणि ‘उडणे–तारांबळ’ या त्याच्या लेखी दोन जोड्या आहेत.

दोन्ही मापं जिथे फसतात

आमच्या यादीत एकदा ‘माटुंगा’ आणि ‘मुलुंड’ ही जोडी अगदी वर आली. एमआय भरभक्कम, एलएल भरभक्कम, शेकडो बातम्यांत हजेरी. सगळ्या चाळण्यांतून ती सुखरूप पार झाली होती. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि ‘माटुंगा ते मुलुंड दरम्यान’ हे शब्द त्या सूचनेत पुन्हा पुन्हा येतात. आकडे खोटे नव्हते. ती भाषेतली जोडी नव्हती, एवढंच.

दोन्ही सूत्रं असं गृहीत धरतात, की प्रत्येक वापर स्वतंत्र आहे, कोणीतरी तो नव्याने लिहिला आहे. तीच सूचना दर आठवड्याला चिकटवली, किंवा वृत्तसंस्थेची एकच बातमी चार ठिकाणी छापली, तर एकाच लिहिणाऱ्याचे शब्द कित्येकदा मोजले जातात, आणि एलएल त्याच प्रमाणात चढतं. मोजणीआधी शब्दशः सारखी वाक्यं एकदाच धरायची. वाक्यातले अंक, तारखा आणि वेळा काढून टाकून मग तुलना केली, तर मेगाब्लॉकच्या सूचनाही बऱ्याच एकवटतात.

तरीही काही उरतंच. म्हणून अंतिम यादीतल्या प्रत्येक जोडीची वीस वाक्यं कॉर्पसमधून यदृच्छेने काढून वाचायची. वीसपैकी पंधरा एकाच साच्यातली निघाली, तर जोडी बाजूला. वाक्यं वेगवेगळी असली, पण शब्द फक्त योगायोगाने शेजारी आलेले असले, तर शेजार जास्त लांबचा धरला आहे. आणखी एक तपासणी मी हटकून करतो: किमान संख्या ५ वरून १० करायची आणि वरच्या शंभर जोड्या पुन्हा पाहायच्या. एलएलची यादी सहसा जवळजवळ तशीच राहते. एमआयची निम्म्याहून जास्त बदलली, तर ती अजून लहान आकड्यांवर उभी आहे, आणि किमान संख्या आणखी वर न्यावी लागेल.

बाईंकडे दुसरी प्रत नेली, तेव्हा ती एलएलने लावलेली आणि एमआयने चाळलेली होती. सोबत प्रत्येक जोडीची वाक्यं होती. त्यांनी पहिल्या पानावर दोनच जागी पेन्सिल लावली. त्यांतली एक माटुंगा–मुलुंड होती, आणि दुसरी ‘वाऱ्यावर सोडणे’. ती खोडली नव्हती. तिच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: ‘कोणाला, हेही द्या.’ तिसऱ्या शब्दाची, म्हणजे ‘प्रवाशांना’, ‘शेतकऱ्यांना’, ‘रुग्णांना’ यांची मोजणी सध्या चालू आहे. त्यासाठी ‘वाऱ्यावर सोडणे’ हा एकच शब्द धरून वरचाच हिशेब पुन्हा लावतो.